चुकलेल्या उत्तराचं देखणं गणित

28 एप्रिल 1862 या दिवशी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत एक निबंध सादर झाला. पृथ्वी युगानुयुगं कशी निवत चालली आहे, हा त्याचा विषय. लेखक होता ग्लासगो विद्यापीठातला 37 वर्षांचा प्राध्यापक विल्यम थॉमसन. पुढे 1892 मध्ये तो लॉर्ड केल्विन झाला आणि जग त्याला त्याच नावाने ओळखू लागलं, म्हणून मीही इथे केल्विनच म्हणतो. या निबंधाने पृथ्वीचं वय 9 कोटी 80 लाख वर्षं काढलं. खरं वय 454 कोटी वर्षांच्या आसपास आहे. चूक थोडीथोडकी नाही, पंचेचाळीसपटीहून अधिक आहे. तरीही पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेबद्दल मला एकच जुना मजकूर वाचायला सांगितला, तर मी हाच उचलेन. यातली गंमत उत्तर कुठे चुकलं यात आहे, आणि ते जिथे चुकलं असं सगळीकडे सांगितलं जातं तिथे ते मुळात चुकलेलंच नाही.

निबंधाची सुरुवात तक्रारीने होते. अठरा वर्षं एक गोष्ट मनाला खात होती, असं केल्विन सांगतो. तक्रार भूशास्त्रज्ञांवर. त्या काळी ब्रिटनमधले बरेच भूशास्त्रज्ञ पृथ्वीला वाटेल तितकी वर्षं बहाल करत. नदीने दरी कोरायला अमुक कोटी वर्षं लागतात, मग असू देत तितकी, काळाला काय तोटा! केल्विनचं म्हणणं असं, की खाणीत जितकं खोल जावं तितकं गरम लागतं. म्हणजे उष्णता आतून बाहेर येते आहे, आणि येते आहे म्हणजे आतला साठा घटतो आहे. घटणाऱ्या साठ्याला आरंभ असलाच पाहिजे. पहिल्या दोन-चार परिच्छेदांतच तो वादाला भूशास्त्राच्या अंगणातून उचलून हिशेबाच्या वहीत आणून ठेवतो. हा डाव वाचताना मला दर वेळी आवडतो. त्यात जराशी गुर्मी आहे, पण ती पोकळ नाही.

हिशेबासाठी त्याला तीन आकडे हवे होते. पहिला, खाली जाताना तापमान किती झपाट्याने वाढतं. खाणी आणि विंधन विहिरींतल्या नोंदींवरून त्याने दर 50 फुटांना 1 अंश फॅरनहाइट हा सरासरी दर धरला. आपल्या मापात हे किलोमीटरला 36 अंश सेल्सिअस होतं. दुसरा, पृथ्वी घट्ट झाली तेव्हा किती तापलेली होती. वितळलेल्या खडकाचं तापमान म्हणून त्याने 7,000 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 3,900 अंश सेल्सिअस घेतलं. हा आकडा मुद्दामच मोठा होता. तिसरा, खडकातून उष्णता किती वेगाने पसरते. आणि हा तिसरा आकडा त्याने कुठून आणला, ते पाहण्यासारखं आहे.

1837 मध्ये जेम्स फोर्ब्स या प्राध्यापकाने एडिंबरोत तीन ठिकाणी जमिनीत लांब दांड्यांचे तापमापक पुरले होते. एक कॅल्टन टेकडीवरच्या वेधशाळेच्या आवारात, काळ्या ज्वालामुखीजन्य खडकात. दुसरा एका बागेच्या वाळूत. तिसरा क्रेगलीथच्या खाणीतल्या वालुकाश्मात. प्रत्येक ठिकाणी 3, 6, 12 आणि 24 फ्रेंच फूट खोलीवर एकेक. उन्हाळ्याची ऊब वरून खाली झिरपते, पण सावकाश. ती खाली जाताना मंदावते आणि तिला उशीरही होत जातो. सर्वांत खालच्या तापमापकाला, सुमारे पावणेआठ मीटरवर, उन्हाळा चार-पाच महिने उशिरा, ऐन हिवाळ्यात भेटतो आणि तोही एखाद-दोन अंशांपुरता. हा उशीर आणि ही घट मोजली की खडकातून उष्णता पसरण्याचा वेग हाती येतो. केल्विनने या नोंदींवरून वर्षाला 400 चौरस फूट हा आकडा काढला. आजच्या एककात तो सेकंदाला एक चौरस मीटरचा दहा लाखावा भाग, किंचित जास्त, असा येतो. आजची पाठ्यपुस्तकं खडकांसाठी जवळपास हाच आकडा वापरतात. जमिनीत पुरलेल्या मूठभर तापमापकांवरून ग्रहाचं वय काढायला बसणं हे धाडस खरं, पण त्यांच्यावरून निघालेला आकडा पक्का होता.

आता गणित. फ्रान्सच्या जोसेफ फूरियेने 1822 मध्ये उष्णतावहनाचं समीकरण मांडलं होतं आणि केल्विनने ते पुस्तक ऐन पंधरा-सोळाव्या वर्षी झपाटल्यासारखं वाचलं होतं. त्या समीकरणाचा गाभा असा: तापलेल्या घन वस्तूचा पृष्ठभाग अचानक गार केला, तर गारवा आत शिरतो खरा, पण त्याची चाल मंदावत जाते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ, तिप्पट खोल जायला नऊपट. म्हणून आज पृष्ठभागाजवळ तापमान किती तीव्रतेने वाढतं हे कळलं, की गारवा किती काळ आत शिरतो आहे हे कळतं. सूत्र एका ओळीचं आहे:

t = T² / (π κ G²)

T म्हणजे सुरुवातीचं तापमान, G म्हणजे खोलीनुसार वाढीचा दर, κ म्हणजे तो तापमापकांवरून काढलेला आकडा, आणि t म्हणजे वय. कागदावर करून पाहा. 7,000 अंश आणि अंशाला 50 फूट, म्हणजे 3,50,000 फूट. त्याचा वर्ग 12,250 कोटी. त्याला π गुणिले 400, म्हणजे सुमारे 1,257 ने भागलं की पावणेदहा कोटी वर्षं येतात. केल्विनने 9 कोटी 80 लाख लिहिलं आणि लगेच, आकड्यांमधली अनिश्चितता धरून, 2 कोटी ते 40 कोटी अशी प्रशस्त कुंपणं घातली. मला हा मोठेपणा वाटतो. स्वतःच्या आकड्यावर इतका सैल हात ठेवणारे लोक कमीच, आणि दुर्दैवाने पुढे केल्विनही तसा राहिला नाही. 1897 पर्यंत त्याने ती कुंपणं आवळून 2 ते 4 कोटींवर आणली.

सूत्र खरं आहे की नाही हे तपासायला सह्याद्री पुरेसा आहे. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल, मग ते वज्रेश्वरीचे असोत, उन्हवऱ्याचे असोत की राजापूरचे, दख्खनच्या लाव्हाची उरलेली धग असा एक समज हमखास ऐकू येतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला. थराची जाडी कोयनेच्या परिसरात खोदलेल्या खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर भरली. आपण उदार होऊन दोन किलोमीटर धरू. फूरियेच्या हिशेबाने एवढा थर निवायला लाखभर वर्षं पुरतात. त्याला सहाशेपटीहून अधिक अवधी मिळाला आहे. म्हणजे त्या लाव्हाची धग केव्हाच संपली. झऱ्यांचं पाणी खडकातल्या खोल भेगांत उतरतं, तिथल्या नेहमीच्या वाढत्या तापमानाने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. ज्वालामुखीची गरजच नाही. केल्विनचं हत्यार इथे अचूक चालतं. मग पृथ्वीच्या वयाला ते का बोथट ठरलं?

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर एका गोष्टीच्या रूपात येतं आणि ती गोष्ट इतकी छान आहे की ती मरत नाही. 1896 मध्ये बेकरेलने किरणोत्सर्गाचा शोध लावला. 1903 मध्ये पियेर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी दाखवलं, की रेडियम सतत उष्णता सोडतो, इतकी की आपल्याच वजनाहून जास्त बर्फ तो तासाभरात वितळवू शकेल. 1904 मध्ये रदरफोर्ड लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यानाला उभा राहिला, तर अंधाऱ्या सभागृहात ऐंशीला टेकलेला केल्विन बसलेला. रदरफोर्डने नंतर स्वतःच सांगितल्याप्रमाणे म्हातारा आधी डुलकी काढत होता. पृथ्वीच्या वयाचा विषय निघताच त्याने एक डोळा उघडून रोखून पाहिलं. तेव्हा रदरफोर्डला ऐन वेळी सुचलं, की उष्णतेचा नवा स्रोत सापडत नाही तोवरच आपलं वय खरं, अशी अट केल्विननेच घातली होती. मग हे त्याचं भाकीतच म्हणायचं! म्हातारा खूश झाला. इथे गोष्ट संपते आणि वाचक समजतो, की किरणोत्सर्गाची उष्णता केल्विनला माहीत नव्हती म्हणून तो चुकला.

1862 च्या निबंधातही या गोष्टीला दुजोरा मिळेल अशी जागा आहे. आत एखादी रासायनिक क्रिया नवी उष्णता निर्माण करत असेल, ही शक्यता केल्विन स्वतःच काढतो आणि मग ती बाजूला सारतो. पृथ्वी हा नुसता तापलेला, आतून काही न करणारा, निवत जाणारा गोळा आहे, हेच त्याला जास्त संभवनीय वाटतं. पुढचं सगळं माहीत असल्यामुळे या ठिकाणी वाचकाला टोचतं. इथेच तर चुकला, असं वाटतं.

पण आपण ही चूक दुरुस्त करून पाहू. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या तिघांच्या किरणोत्सर्गी समस्थानिकांतून आज पृथ्वीत उष्णता निर्माण होते. युरेनियम 238 चं अर्धायुष्य 447 कोटी वर्षं, थोरियम 232 चं 1,400 कोटी, पोटॅशियम 40 चं 125 कोटी. एवढे दीर्घायुषी म्हणूनच ते अजून शिल्लक आहेत. या मूलद्रव्यांचे अणू खोलवरच्या दाट खनिजांत नीट बसत नाहीत. खडक थोडासा वितळला की ते आधी वितळलेल्या भागात जातात आणि त्याच्याबरोबर वर येतात. म्हणून खंडांच्या ग्रॅनाइटात ते दाटलेले असतात आणि खालच्या प्रावरणात अगदी विरळ. ग्रॅनाइटाचा एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा घेतला तर तो जेमतेम दोन-अडीच किलोवॉट उष्णता देतो. एकेक ठोकळा क्षुल्लक, पण खंडांचं कवच 35-40 किलोमीटर जाड आहे. खंडांवर जमिनीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेतला ढोबळमानाने निम्मा वाटा या कवचातच तयार झालेला असतो. 1906 मध्ये रॉबर्ट स्ट्रटने खडकांतला रेडियम मोजला तेव्हा तो इतका भरला, की संपूर्ण पृथ्वी तशीच असती तर ती आजच्याहून कितीतरी जास्त उष्णता ओकली असती. हे द्रव्य वरच्या कवचातच असणार, असा निष्कर्ष त्याला काढावा लागला.

आता केल्विनच्या सूत्रातून हा निम्मा वाटा वजा करा. खालून येणाऱ्या उष्णतेमुळे होणारी तापमानवाढ निम्म्यावर आली, म्हणजे किलोमीटरला 18 अंश. सूत्रात G चा वर्ग आहे, तेव्हा वय चौपट होईल: सुमारे 40 कोटी वर्षं. ते केल्विनच्याच कुंपणाच्या काठावर येतं! 454 कोटींपर्यंत पोचायला हा दर किलोमीटरला साधारण 5 अंशांवर आणावा लागेल आणि तितकं किरणोत्सर्गी द्रव्य कवचात नाही. मग ते खाली प्रावरणात असेल असं म्हणावं, तर केल्विनच्या पृथ्वीत त्याचा काही उपयोग नाही. त्या पृथ्वीत उष्णता फक्त वहनाने हलते. 10 कोटी वर्षांत तिची मजल शंभर-दोनशे किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. हजार किलोमीटर खाली तयार झालेली उष्णता वर पोचायलाच मुळी हजारो कोटी वर्षं लागतील. शेवटी समुद्राचा प्रश्न उरतो. समुद्रतळाचं कवच फक्त सातेक किलोमीटर जाड आणि बेसाल्टचं, किरणोत्सर्गी द्रव्यात दरिद्री. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला रेव्हेल, मॅक्सवेल आणि बुलार्ड यांनी समुद्रतळाच्या गाळात लांब सळ्या खुपसून उष्णता मोजली. तिथून फारच कमी येणार अशी अपेक्षा होती. ती खंडांइतकीच भरली.

म्हणजे किरणोत्सर्ग खरा, त्याची उष्णताही खरी, पण केल्विनचं उत्तर पाडणारा हात दुसऱ्याचाच. तो हात निबंधाच्या एका शब्दात लपला आहे, आणि तो शब्द म्हणजे घन. पृथ्वी आतपर्यंत घन आहे हे भरती-ओहोटीच्या हिशेबावरून केल्विनने मोठ्या अभिमानाने सिद्ध केलं होतं. घन म्हणजे न हलणारी, हे मात्र त्याने सिद्ध केलं नाही, गृहीत धरलं.

हे गृहीतक पकडलं जॉन पेरीने. पेरी हा काही शत्रुपक्षाचा नव्हता. तो ग्लासगोत केल्विनचा साहाय्यक होता, पुढे टोकियोत शिकवून आलेला इंजिनिअर. 1894 मध्ये लॉर्ड सॉल्झबरीने ऑक्सफर्डच्या भाषणात केल्विनचं वय हाती धरून डार्विनवाद्यांना टोमणे मारले, तेव्हा पेरी ते गणित तपासायला बसला. गणितात त्याला चूक सापडेना. मग त्याने गृहीतकं एकेक करून उलटवली. आतला भाग बाहेरच्या कवचापेक्षा उष्णता जास्त सहज हलवत असेल तर? निव्वळ वहनाने नव्हे, आतलं द्रव्य अगदी सावकाश का होईना, वर-खाली फिरत असेल तर? गुरूचा मान ठेवत त्याने आधी पत्रं पाठवली. गुरूच्या मित्राने, पीटर टेटने, ती उडवून लावली. 3 जानेवारी 1895 च्या 'नेचर'मध्ये पेरीचा हिशेब छापून आला. त्यात वय दोनशे-तीनशे कोटी वर्षांपर्यंत सहज जात होतं. रेडियमचा शोध लागायला अजून जवळजवळ चार वर्षं होती.

पेरीचा मुद्दा घट्ट वरणाच्या पातेल्यावरून चटकन कळेल. वरण तसंच ठेवलं तर वरचा थर निवतो, निवलेला भाग जाड होत जातो आणि आतली ऊब वर जाणवेनाशी होते. पण कोणी ते तळापासून हळूहळू ढवळत राहिलं, तर निवलेला थर कायम पातळच राहतो आणि पृष्ठभागाला तासाभरानेही आतलं गरम वरण मिळत राहतं. वरच्या पातळ थरावरून वरण केव्हा उतरवलं हे सांगणाऱ्याला, ते आत्ताच उतरवलं असंच वाटेल. केल्विनची अवस्था नेमकी अशी झाली.

हेच आकड्यांत मांडलं तर फरक डोळ्यांत भरतो. पृथ्वीतून आज सुमारे 47 टेरावॉट उष्णता बाहेर पडते. पृथ्वीचं वस्तुमान आणि खडक-लोखंडाची उष्णता साठवण्याची ताकद धरली, तर सबंध ग्रह एक अंशाने निवला की 40 लाख वर्षं हा खर्च भागतो. 450 कोटी वर्षांत म्हणजे साधारण 1,100 अंश. किरणोत्सर्गाचा एक वॉटही न धरता! केल्विनच्या पृथ्वीला खर्चायला फक्त वरची शंभर-दोनशे किलोमीटरची साल मिळत होती, पेरीच्या पृथ्वीला 6,371 किलोमीटर त्रिज्येचा सगळा गोळा.

यातला दैवदुर्विलास असा, की घन वस्तू वाहते हे केल्विन जाणून होता. 1887 मध्ये त्याने ग्लासगोत लाकडी उतरणीवर डांबराचा गोळा ठेवून हिमनदीची प्रतिकृती केली. हातोडीने फोडलं तर काचेसारखं तडकणारं डांबर वर्षानुवर्षं उतरणीवरून ओघळत राहिलं. ती वस्तू तिथल्या हंटेरियन संग्रहालयात जपलेली आहे. प्रावरणाचा खडकही तसाच आहे. भूकंपाच्या लाटांना तो घन वाटतो आणि कोट्यवधी वर्षांच्या कालावधीत वर्षाला काही सेंटिमीटर वाहतो. डांबर वाहतं हे दाखवणाऱ्या माणसाला खडकाबद्दल तसं सुचू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

मग आज बाहेर येणारी उष्णता कुठली? दोन्ही वाटे आहेत आणि सुदैवाने त्यातला एक मोजता येतो. युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून प्रतिन्यूट्रिनो निघतात. ते अख्खी पृथ्वी भेदून जातात, पण क्वचित एखादा अडकतो. जपानमध्ये कामिओकाच्या जुन्या खाणीत हजार टन चमकणाऱ्या द्रवाची एक टाकी आहे. त्या प्रयोगाचं नाव कॅमलँड. तिथे 2005 मध्ये पृथ्वीच्या पोटातले असे प्रतिन्यूट्रिनो प्रथम टिपले गेले. 2011 मध्ये त्यावरून युरेनियम-थोरियमची मिळून सुमारे 20 टेरावॉट उष्णता काढली गेली. त्रुटीची मर्यादा मोठी आहे, जवळजवळ निम्म्याइतकी. पोटॅशियमचे प्रतिन्यूट्रिनो इतके कमी ऊर्जेचे असतात की या टाकीला ते दिसतच नाहीत. त्याचा वाटा उल्कांच्या आणि खडकांच्या रसायनावरून अंदाजावा लागतो. तरी एवढं ठरलं, की किरणोत्सर्ग एकटा 47 चा हिशेब जुळवत नाही. उरलेली उष्णता जन्मापासूनची आहे. धूळ, गोळे आणि लहान ग्रह आदळून पृथ्वी बनली, तेव्हा पडण्याच्या ऊर्जेची उष्णता झाली. मग लोखंड सुटं होऊन मध्याकडे बुडालं. त्या एका बुडण्यानेच सबंध पृथ्वी सुमारे 2,000 अंशांनी तापली असावी. केल्विनने गृहीत धरलेला आरंभीचा तप्त गोळा, म्हणजे त्याच्या निबंधातली सगळ्यात काल्पनिक वाटणारी गोष्ट, खरी निघाली. शिल्लक साठ्याचा खर्च 20-25 टेरावॉट धरला, तर पृथ्वी दर शंभर कोटी वर्षांत शंभरेक अंशांनी निवते आहे.

खोलीनुसार वाढणाऱ्या तापमानाची रेघ केल्विनने निबंधात काढली होती. ती मला या लिखाणातली सर्वांत देखणी जागा वाटते. अडाणी हिशेब असा, की किलोमीटरला 25-30 अंश वाढतात, त्रिज्या 6,371 किलोमीटर, म्हणजे मध्यभागी पावणेदोन लाख अंश. केल्विन त्या सापळ्यात पडला नाही. पहिल्या लाखभर फुटांपर्यंत दर जवळपास तसाच राहतो, 4 लाख फुटांवर, म्हणजे 122 किलोमीटरवर, तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि 8 लाख फुटांवर पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी उरतो, असं त्याने दाखवलं. आजची रेघही अशीच वाकते. शंभर-दीडशे किलोमीटरवर सुमारे 1,300 अंश होतात आणि तिथून पुढे फिरत्या प्रावरणात तापमान किलोमीटरला अर्धा अंश किंवा त्याहून कमी वाढतं. तीही वाढ मुख्यतः दाबामुळे. 2,900 किलोमीटरवर, प्रावरण संपून द्रव लोखंड सुरू होतं तिथे, ते पुन्हा हजारभर अंशांनी उडी मारतं. पृथ्वीच्या मध्याशी 5,000 ते 6,000 अंश असावेत. रेघेचा आकार तोच, कारण वेगळं. केल्विनच्या रेघेत खालचा भाग अजून निवायला सुरुवातच झालेली नाही म्हणून ती सपाट होते. खऱ्या पृथ्वीत तो सतत ढवळला जातो म्हणून.

प्रत्यक्ष मोजमाप मात्र रेघेइतकं नितळ नसतं. रशियात कोला द्वीपकल्पावर 12,262 मीटर खोदलं, तळाशी 180 अंश. जर्मनीत बव्हेरियातल्या छिद्रात 9,101 मीटरवरच सुमारे 265 अंश. तीन किलोमीटर कमी खोल आणि तरी 85 अंश जास्त! कोलाचं कवच अतिप्राचीन आणि निवांत, बव्हेरियाचं तुलनेने तरुण. शिवाय नुसत्या अंशांवर भरवसा ठेवता येत नाही. उष्णतेचा प्रवाह काढायला तापमानवाढीला खडकाच्या वाहकतेने गुणावं लागतं, कारण तोच प्रवाह क्वार्टझाइटातून जाताना तापमान सावकाश वाढवतो आणि शेलमधून जाताना झपाट्याने. खोदताना फिरवलेल्या गार चिखलाने छिद्राची भिंत निवलेली असते. घाईने मोजलं तर खाली खऱ्याहून थंड आणि वर खऱ्याहून गरम असं खोटं चित्र मिळतं. ते ओळखायची युक्ती म्हणजे काही आठवड्यांनी पुन्हा मोजणं. आकडा बदलला, तर पहिला टाकून द्यायचा.

आता शेवटची जागा. पेरीने केल्विनचं उत्तर पाडलं, पण सूत्र पाडलं नाही. समुद्राच्या मधोमध पर्वतरांगा आहेत. अरबी समुद्राच्या दक्षिणेची कार्ल्सबर्ग रांग त्यातलीच. तिथे प्रावरणातलं तप्त द्रव्य वर येतं, नवं कवच बनतं आणि दोन्ही बाजूंना सरकत जातं. या कवचाला खालून ढवळणारं तूर्त कोणी नसतं. ते वरून निवत जातं, अगदी केल्विनच्या पृथ्वीसारखं. T च्या जागी 3,900 ऐवजी 1,300 अंश घातले, की 1862 चं सूत्र समुद्रतळाच्या वयाशी जुळतं. वय चौपट झालं की उष्णतेचा प्रवाह निम्मा होतो. निवलेली पाटी आकसून जड होते, म्हणून समुद्र खोल होत जातो, तोही वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. साताठ कोटी वर्षांच्या पुढे हा नियम ढिला पडतो, तळ अपेक्षेइतका खोल जात नाही, आणि त्याचं कारण पुन्हा खालची ढवळाढवळ. समुद्रतळाचं सरासरी वय आज 6 कोटी वर्षांच्या आगेमागे आहे. केल्विनच्या कुंपणात ते आरामात बसतं. त्याच्या सूत्राने पृथ्वीचा जन्म मोजलाच नाही. कातडी शेवटची कधी बदलली, ते मोजलं.

त्या रांगांजवळ मोजमाप मात्र फसतं. तिथे नव्या कवचाच्या भेगांतून समुद्राचं पाणी आत शिरतं, तापतं आणि उष्णता घेऊन निघून जातं. गाळात खुपसलेल्या सळईला ती दिसतच नाही. मोजलेला प्रवाह अपेक्षेपेक्षा फार कमी भरतो आणि ही तूट जगभरात मिळून 10 टेरावॉटच्या घरात जाते. ती भरून काढायला आजचे अभ्यासक सळईचा आकडा बाजूला ठेवतात, त्या जागेचं वय घेतात आणि निवण्याच्या सूत्राने प्रवाह काढतात. वर सांगितलेल्या 47 टेरावॉटमधला बराच भाग असा मोजलेला नसून काढलेला आहे, आणि तो काढणारं सूत्र 1862 चंच आहे.